पॉझिटिव्ह रिपोर्टचा भरवसा किती?

श्रोतेहो, नमस्कार. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर उत्तम, नसली तरी काही अडत नाही. आकडे मी सावकाश सांगणार आहे.

टीबीची एक तपासणी आपल्याकडे सीबीनॅट म्हणून ओळखली जाते. डबीतल्या बेडक्यात त्याच्या दुप्पट द्रावण घालायचं, हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं आणि त्यातलं थोडं कार्ट्रिजमध्ये भरून यंत्रात लावायचं. दोन तासांच्या आत उत्तर मिळतं. 2010 साली या तपासणीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लिमा, बाकू, केप टाऊन, डर्बन आणि आपली मुंबई इथले, टीबीचा संशय असलेले रुग्ण त्यात होते. यंत्राचा निकाल ताडून पाहिला तो कल्चरशी, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या पद्धतीशी.

कल्चरमध्ये टीबी सापडलेले 732 जण होते. त्यांतले 675 यंत्राने पकडले. म्हणजे शंभरात 92. ही झाली सेन्सिटिव्हिटी. टीबी नसलेले होते 609. त्यांतल्या 604 जणांना यंत्राने बरोबर निगेटिव्ह ठरवलं आणि पाच जणांना उगाच पॉझिटिव्ह. शंभरात 99 हून थोडं जास्त. ही स्पेसिफिसिटी.

पण गंमत अशी, की हे दोन्ही आकडे काढताना आजार कोणाला आहे हे आपल्याला आधीच माहीत असतं. दवाखान्यात उलटं असतं. हातात फक्त रिपोर्ट असतो आणि माणूस विचारतो, ‘डॉक्टर, मला खरंच टीबी आहे का?’ त्याचं उत्तर प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यूमध्ये असतं, म्हणजे आलेल्या रिपोर्टांपैकी किती खरे निघतात त्या प्रमाणात. अभ्यासात एकूण 680 जण पॉझिटिव्ह आले आणि 675 खरे निघाले. असा रिपोर्ट डोळे झाकून मानावा. निगेटिव्ह आलेले 661, पण त्यांतल्या 57 जणांना टीबी होताच. दर बारांत जवळजवळ एक! बरा वाटणारा रिपोर्टच इथे जास्त फसवा होता.

असं का झालं? कारण या लोकांत निम्म्याहून जास्त जणांना टीबी होताच.

आता हेच यंत्र घेऊन आपण घरोघर जाऊ. 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरच्या दर लाख माणसांमागे फुप्फुसाच्या टीबीचे सुमारे 316 रुग्ण आढळले. लाखभर लोक सरसकट तपासले, तर 316 पैकी साधारण 291 सापडतील. पण उरलेल्या 99 हजार 684 निरोगी माणसांत ती ‘609 मागे पाच’ची चूक होणारच, आणि ती होते 818 जणांची. पॉझिटिव्ह 1109, खरे 291. चारांतला जेमतेम एक. यंत्र तेच आहे, निरोगी माणसांचा ढीग तेवढा वाढला. शिकाऊ डॉक्टरांना हे गणित घातलं, की निम्मा वर्ग ‘99 टक्के’ म्हणून मोकळा होतो. त्यात पुन्हा 609 मागे पाच हा आकडाही तसा नाजूक. खरी चूक शंभरात दोनच्या आसपास असू शकते, आणि मग आठ पॉझिटिव्हमागे एकच खरा उरतो.

इथपर्यंत मी सेन्सिटिव्हिटी जागची हलत नाही असं धरून चाललो होतो. पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं, आणि ते अर्धंच खरं आहे. त्या 732 रुग्णांपैकी 561 जणांच्या बेडक्यात जंतू साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत होते. त्यांच्यात यंत्राची पकड शंभरात 98 होती. उरलेल्या 171 जणांत जंतू विरळ, तिथे एका तपासणीत ती 72 वर आली. म्हणजे 92 हा आकडा या दोन गटांच्या मिश्रणाचा आहे. घरोघरच्या तपासणीत सौम्य, नुकतीच सुरुवात झालेले रुग्ण जास्त भेटले, की तो घसरणार. म्हणून कुठलाही असा अभ्यास हाती आला, की मी टक्केवारीआधी रुग्ण कुठून आणले ते वाचतो. धडधाकट लोक एकीकडे आणि बळावलेले रुग्ण दुसरीकडे उभे करून काढलेली टक्केवारी ओपीडीत टिकत नाही.

मग घरोघर तपासूच नये का? तपासावं, पण आधी गाळणी लावून. समजा, लाख लोकांचे छातीचे एक्स-रे काढले आणि संशयित चार हजार निवडले, ज्यांत 280 खरे रुग्ण आले. आता यंत्र 258 जणांना पकडेल आणि खोटे पॉझिटिव्ह असतील 31. दहांतले जवळजवळ नऊ रिपोर्ट खरे. मात्र एक्स-रेच्या गाळणीतून निसटलेले 36 रुग्ण यंत्रापर्यंत पोचलेच नाहीत, आणि यंत्राच्या कुठल्याही टक्केवारीत ते तुम्हाला दिसणार नाहीत.

नमस्कार.