किंमत आधी, मिक्सर नंतर
(लघुउद्योजकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडे नवीन वस्तूचा भाव कसा ठरतो ते तुम्हाला मी सांगायला नको. माल किती रुपयांचा लागला, मजुरी किती, वीज-भाडं किती, सगळ्याची बेरीज करायची, वर पंधरा-वीस टक्के टाकायचे आणि तो आकडा घेऊन बाजारात जायचं. बाजारात दुकानदार म्हणतो, "साहेब, या भावात ब्रँडेड मिळतो." मग आपण घरी येऊन सप्लायरच्या मागे लागतो, पाच-पाच रुपये कमी करून घेतो, आणि शेवटी स्वतःचा नफा कापतो.

टार्गेट कॉस्टिंगमध्ये हे गणित उलट्या टोकाने मांडतात. ग्राहक किती देईल तिथून सुरुवात, त्यातून सगळ्यांचे वाटे आणि आपला नफा काढून ठेवायचा, आणि जे उरेल तेवढ्यातच वस्तू बसवायची. जपानमध्ये टोयोटाने १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. तिकडे तिला 'गेन्का किकाकु' म्हणतात, म्हणजे साधारण 'खर्चाचं नियोजन'. नियोजन म्हणजे खर्च होण्याआधीचं काम, नंतरची काटकसर नव्हे, एवढं त्या नावातून लक्षात ठेवा.

आज मी एकच उदाहरण घेणार आहे. माझ्या एका अशिलाने दोन-तीन माणसांच्या घरासाठी छोटा मिक्सर काढायचं ठरवलं होतं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण वळणं खरी आहेत.

पहिला प्रश्न, ग्राहक देईल किती? लोकांना "किती द्याल?" असं विचारू नका. त्याचं उत्तर कोणी खरं देत नाही, आणि खोटंही मुद्दाम देत नाही. हातात पैसे नसताना आपण सगळेच उदार किंवा चिक्कू असतो. आम्ही दुकानात बसलो. कुठल्या भावाचा मिक्सर हातात घेऊन परत ठेवला जातो आणि कुठला बिल होऊन जातो, ते पाहिलं. खोक्यावरच्या एमआरपीकडे पाहिलंच नाही, कारण एमआरपीला मिक्सर कोण घेतं? तीन जारचा, ५०० वॉटचा, फारसं नाव नसलेला मिक्सर २,३६० रुपयांच्या आसपास बिल होत होता. हा झाला पाया.

आता मागे मागे चला. २,३६० मध्ये १८ टक्के जीएसटी आहे, तो काढला की २,००० राहतात. दुकानदाराचे ३०० गेले, १,७००. वितरकाचे १०० गेले, १,६००. एवढे आपल्या हातात येतात. यावर मालकाला दहा टक्के नफा हवा होता, १६०. तो आधी बाजूला. राहिले १,४४०. याला मी मुभेचा खर्च म्हणतो. बाजाराने आपल्याला एवढाच खर्च करायची मुभा दिली आहे.

पण हे १,४४० अजून कारखान्याचे नाहीत. वाहतूक आणि दिवाळीच्या स्कीमचे १२०, वॉरंटीत परत येणाऱ्या मालासाठी ४०, ऑफिस आणि व्याज १५०, आणि साच्यांचे ३०. साचे १८ लाखांचे, ६०,००० नग निघतील असं धरलं, म्हणून नगाला ३०. हे ३४० वजा करा. मिक्सरच्या अंगावर खर्च करायला उरले १,१००.

पहिल्या ड्रॉइंगवरून हिशेब केला तेव्हा मिक्सर १,३१० ला पडत होता. मोटर ४७०, पाती-झाकणांसकट जार ३४०, बॉडी १९०, स्विच-केबल-कपलर १३०, खोकं ६०, जोडणी आणि टेस्टिंग १२०. म्हणजे २१० रुपयांची खिंड.

इथे मालकाने पहिली युक्ती काढली ती कोणीही काढेल अशीच. "तिसरा जार काढून टाकू. दोन माणसांना तीन जार कशाला?" ९५ रुपये वाचत होते. मी म्हटलं, पण आपण २,३६० ही किंमत तीन जार असलेल्या मिक्सरची पाहिली आहे. दोन जारवाल्याची किंमत पुन्हा पाहायला हवी. दुकानदार म्हणाले, दीडशे कमी करावे लागतील. आता गंमत बघा. ग्राहकाने दिलेल्या २,३६० पैकी आपला मुभेचा खर्च १,४४०, म्हणजे रुपयाला ६१ पैसे. किमतीतले १५० गेले की मुभेतले ९२ गेले. वाचवले ९५, गमावले ९२. तीन रुपयांसाठी खोक्यावर 'तीन जार' लिहायचं सोडायचं! हा ६१ पैशांचा आकडा प्रत्येकाने आपापल्या मालासाठी काढून भिंतीवर लावावा. ग्राहकाला दिसणारी कुठलीही गोष्ट कापण्याआधी तिकडे बघावं.

म्हणून पुढचा शोध ग्राहकाला न दिसणाऱ्या, किंवा दिसूनही पैसे न मिळवून देणाऱ्या गोष्टींचा होता. त्यासाठी गिऱ्हाइकं मिक्सर घेताना काय विचारतात ते आम्ही पुन्हा दुकानांतूनच गोळा केलं. चटणी बारीक होते का, झाकणातून उडतं का, आवाज किती, धुवायला सोपा का. रंगाबद्दल विचारणारे थोडे. आणि आमच्या ड्रॉइंगमध्ये बॉडीवर स्प्रे पेंट, त्यावर चकचकीत पट्टी. मालकाच्या भावाला ती पट्टी फार प्रिय होती. पेंट काढला, प्लास्टिकच्या दाण्यातच रंग मिसळला, चौदा स्क्रूंच्या जागी सहा स्क्रू आणि बाकी खाचेत बसणारे लॉक केले. बॉडी १९० वरून १४५ आली आणि जोडणीचे १२० चे ९५ झाले, कारण स्क्रू पिळायला माणूस लागतो.

जारच्या बाबतीत उलटं केलं. झाकण उडतं ही खरी तक्रार, तर तिथे लॉक आणि चांगलं रबर घातलं, १५ रुपये वाढवले. पण तिन्ही जारचा खालचा बुंधा आणि पकडीचा दांडा एकच केला, तिथे ४० वाचले. टार्गेट कॉस्टिंग म्हणजे सगळीकडे कात्री असं समजणाऱ्यांना हे पटत नाही, पण कुठे वाढवायचं हेही त्यातूनच कळतं.

मोटर मात्र नाजूक जागा. ड्रॉइंगमध्ये ७५० वॉटची होती, का, तर मोठ्या कंपनीच्या खोक्यावर ७५० असतं. ज्या मिक्सरची किंमत आपण पाया धरली तोच ५०० वॉटचा होता. ५०० ची मोटर घेतली की तांबं आणि पत्रा कमी लागतो, ७० रुपये वाचतात. मग भिजवलेली उडीद डाळ घालून पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, अशा फेऱ्या लावल्या. चौथ्या फेरीला ओव्हरलोडने मोटर बंद पाडली. इथे बरेच लोक ओव्हरलोडचं सेटिंग वाढवतात. मोटर चालते, टेस्ट पास होते, आणि सहा महिन्यांनी वाइंडिंग जळून ती वॉरंटीच्या त्या ४० रुपयांवर येऊन बसते. वाइंडिंग किती तापलं ते मोजा, बंद पडलं की नाही एवढंच बघू नका. आम्ही पंख्याच्या पात्यांचा कोन बदलला आणि बुडाच्या जाळीची भोकं मोठी केली. तेव्हा साचा अजून कागदावर होता, म्हणून ती भोकं फुकट मोठी झाली. पोलाद कापून झाल्यावर हाच बदल करायचा म्हणजे साचा पुन्हा मशीनवर चढवायचा आणि तेवढे दिवस उत्पादन थांबवायचं. म्हणून हे सगळं ड्रॉइंगच्या वेळीच करायचं.

केबलवाल्याला भाव पाडायला सांगितलं नाही. विचारलं, तुला काय सोपं जाईल? तो म्हणाला, तुमचा राखाडी रंग सोडा, मी रोज काळी ओढतो. १५ वाचले. खोक्यात १०. सगळी बेरीज १९० झाली. मिक्सर १,१२० वर आला. अजून २० जास्त.

या शेवटच्या विसांपाशी पद्धत मोडते. दिवाळी जवळ आलेली, डीलरना शब्द दिलेला. मालक म्हणाले, "साच्याचे ६०,००० नग कशाला धरता? १,२०,००० धरा." तसं धरलं की नगाला ३० चे १५ होतात आणि खिंड २० ची ५ होते. एका ओळीत प्रश्न सुटला, आणि कारखान्यात एक पैसाही वाचला नाही. गाळ्यात गेलात आणि हिशेबाच्या शेवटच्या आठवड्यात नगांची संख्या वाढलेली दिसली, तर समजा की खिंड बुजलेली नाही, झाकलेली आहे. दुसरं लक्षण म्हणजे वॉरंटीची तरतूद अचानक कमी होणं.

दिवाळी सोडली. मोटर धरणाऱ्या अॅल्युमिनियमच्या ओतीव ब्रॅकेटऐवजी दाबलेला पत्रा वापरून पाहिला, २२ रुपये वाचले. पण आवाज वाढला, आणि आवाज ही गिऱ्हाइकाची तिसऱ्या क्रमांकाची तक्रार. चार रुपयांचे रबरी बुश घातले तेव्हा आवाज जागेवर आला. निव्वळ १८.

एक धोका मात्र या सगळ्या काळजीने टळत नाही. आपल्या पुण्याचंच उदाहरण, नॅनोचं. एक लाखाची किंमत आधी ठरवली आणि गाडी तिच्यात बसवली. ६२३ सीसीचं इंजिन, एकच वायपर, चाकाला तीन नट. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत गाडी दाखवली तेव्हा इंजिनिअरिंग म्हणून ती थक्क करणारी होती, आजही आहे असं माझं मत. पण गाडी घेणाऱ्याला चारचाकी हवी होती तशी शेजाऱ्यापाजाऱ्यांत मानही हवा होता, आणि 'सगळ्यात स्वस्त' ही ओळख त्याला नको होती. किंमत त्याला मान्य होती, त्या किमतीला चिकटलेलं नाव नव्हतं. माझ्या अशिलाच्या खोक्यावरही डीलर 'सर्वात स्वस्त' छापा म्हणत होते. आम्ही 'झाकण उडत नाही' छापलं.

आणि आमचा मिक्सर १,१०२ वर थांबला. दोन रुपये जास्त. मालक हसून म्हणाले, दोन रुपयांना काय धरून बसताय. मी ते दोन रुपये एका कागदावर लिहून प्रॉडक्शनच्या मुलाच्या टेबलावर चिकटवले, खाली सहा महिन्यांनंतरची तारीख घातली आणि मालकांची सही घेतली.