ओंबत्तुमधला म कुठून आला?

(बेळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज सकाळी गणपत गल्लीत भाजी घेताना बाई कन्नडमध्ये लिंबं मोजत होती. ओंदु, एरडु, मूरु करत ती एंटु, ओंबत्तुपर्यंत आली. हिशोबाकडे माझं लक्ष नव्हतं, तिच्या अनुस्वारांकडे होतं. (घरी आल्यावर एक लिंबू कमी निघालं, ते वेगळं.) कन्नड पाटीवर ओंदु, एंटु आणि ओंबत्तु या तिन्ही आकड्यांत एकच टिंब असतं. पण ओंदुत दाताशी न, एंटुत मूर्धन्य ण आणि ओंबत्तुत ओठांचा म. लिंबं मोजता मोजता तिनं तीन वेगवेगळे अनुनासिक वर्ण उच्चारले, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. आपल्यालाही नसतो. 'पंचांग' म्हणताना पहिलं टिंब ञ असतं आणि दुसरं ङ.

यातला ओंबत्तु मला फार आवडतो. दहाला आज कन्नडमध्ये हत्तु म्हणतात, पण हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये, तो पत्तु होता, जसं आजचं हालु, म्हणजे दूध, पूर्वी पालु होतं. ओंबत्तु म्हणजे 'ओन्' आणि 'पत्तु', दहाला एक कमी, असं मानतात. तमिळ लोक नऊ लिहिताना आजही तिथे न हे अक्षरच लिहितात. म्हणजे 'न्-प'चं 'म्ब' झालं. इथे दोन गोष्टी घडल्या आहेत. न नं प कडून ओठ घेतले. आणि प नं न कडून घोषत्व, म्हणजे कंठातला कंप घेतला, म्हणून त्याचा ब झाला. देवाणघेवाण उलटसुलट दिशांनी झाली, आणि दोघांनीही शेजाऱ्याचं सगळं उचललं नाही. न नं सगळं घेतलं असतं तर 'ओप्पत्तु' झालं असतं, प नं सगळं घेतलं असतं तर 'ओन्नत्तु'. प्रश्न असा की वर्णातला नेमका कुठला तुकडा सुटा होऊन शेजारी जाऊ शकतो?

१९६८ साली चॉम्स्की आणि हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी इंग्रजीच्या ध्वनिव्यवस्थेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात वर्ण म्हणजे लक्षणांची एक यादी होती. जिभेचं टोक किंवा पातं वापरलं का, हो की नाही. अडथळा तोंडाच्या पुढच्या भागात आहे का. जिभेचा मागचा भाग ओढलाय का. कंप आहे का. नाकातून हवा जाते का. सगळी लक्षणं एका ओळीत, सारख्या मानाची. या पद्धतीनं आपल्या अनुस्वाराचा नियम, म्हणजे टिंबानं पुढच्या वर्णाचं स्थान घ्यायचं हा, लिहायचा तर प्रत्येक लक्षणासाठी वेगळं कलम लागतं: टोकाचं लक्षण पुढच्या वर्णासारखं करा, पुढच्या भागाचंही तसंच करा, मागच्या भागाचंही तसंच. नियम बरोबर उत्तर देतो, तक्रार ती नाही. तक्रार अशी की तेवढ्याच शाईत वेडगळ नियमही लिहिता येतो. टोकाचं लक्षण शेजाऱ्याच्या कंपाप्रमाणे बदला, असंही कागदावर बसतं. किंवा टोक आणि कंप दोन्ही जुळवा, पण पुढचा भाग सोडून द्या. असलं काही भाषांत आढळत नाही, आणि स्थान जुळवणारा नियम तर पावलोपावली भेटतो. यादीला हा फरक दिसतच नाही.

१९८५ मध्ये क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञांनी यादी मोडून तिचं झाड केलं. मुळाशी वर्ण. त्यातून एक फांदी कंठाची, घोष-अघोष तिच्यावर. दुसरी फांदी उच्चारस्थानाची. पुढच्याच वर्षी एलिझाबेथ सेगी यांनी आपल्या प्रबंधात या स्थानाच्या फांदीला उच्चारकांनुसार डहाळ्या काढल्या: ओठ, जिभेचं टोक-पातं, जिभेचा मागचा भाग. टोकाच्या डहाळीवर आणखी बारीक पानं आहेत, दंत्य की मूर्धन्य वगैरे. यालाच फीचर जॉमेट्री म्हणतात. मग नियमाला एकच मुभा राहते: एका जागी हात घाला आणि तिथपासून खालचं सगळं शेजाऱ्याशी जोडा. स्थानाच्या फांदीला हात घातला की ओठ, टोक, दंत्य, मूर्धन्य, जे काही खाली लटकतं आहे ते एकदम येतं. न ची स्वतःची स्थानफांदी गळते आणि तो प ची फांदी धरतो. नासिक्यपणा त्या फांदीवर नसल्यामुळे तो जागच्या जागी राहतो, म्हणूनच न चा म होतो, प होत नाही. कंठाची फांदी वेगळी, म्हणून ती त्याच शब्दात उलट्या दिशेनं जाऊ शकली.

पानंसुद्धा फांदीबरोबर येतात, हे तोंडातच तपासता येतं. 'उंच' म्हणायला सुरुवात करा आणि च फुटायच्या आत थांबा. टोक दातांमागे आहे, कारण हा च 'त्स'सारखा. आता 'उंची' म्हणा आणि तसंच थांबा. जिभेचं पातं वर टाळूकडे सरकलं. दोन्हीकडे टिंब तेच, अक्षरही च; पण अनुस्वार लिपी वाचत नाही, शेजारी प्रत्यक्षात जिथे उच्चारला जाणार तिथे आधीच जाऊन बसतो.

पाणिनीनंही पाच वर्गांसाठी पाच नियम केले नाहीत. 'अनुस्वारस्य ययि परसवर्णः' (८.४.५८), म्हणजे पुढे 'यय्'मधला वर्ण आला की अनुस्वार त्याच्याच स्थानाचा होतो, एवढ्यात काम भागवलं. 'यय्' ही त्याची व्यंजनांची एक सांकेतिक यादी, तिच्यात श, ष, स, ह येत नाहीत. आपणही 'संसार' म्हणताना स्वच्छ न उच्चारत नाही, नाकातला व काढतो. झाड इथे गप्प आहे. काय एकत्र जाऊ शकतं ते झाड सांगतं. जाणार की नाही, हे त्या त्या भाषेचा नियम ठरवतो. 'कामगार'मधला म ग ला चिकटूनही म च राहतो, कारण मधला अ आपण बोलताना गाळतो आणि हा नियम तिथवर पोचत नाही.

फांदीऐवजी एकटी डहाळीही पसरते. संस्कृतात र किंवा ष नंतरचा न मूर्धन्य होतो, म्हणून 'रामायण'. र आणि न यांच्या मध्ये म उभा आहे. अख्खी स्थानफांदी पसरायची असती तर वाटेत म चं स्थान आडवं आलं असतं. पण इथे फक्त टोकाची डहाळी निघाली आहे. ओठांच्या म कडे ती डहाळीच नाही, त्यामुळे रस्ता मोकळा. 'रसायन'मध्ये मात्र मधल्या स ला स्वतःचं टोक आहे, वाट अडली, न तसाच राहिला.

इथे मागच्या रांगेतून एका आजोबांनी विचारलं, "पंचांगात उत्तरायणाला ण आणि दक्षिणायनाला न, ते याच्यामुळेच का हो? दक्षिणात तर ष आहे की." प्रश्न अचूक आहे. उत्तरायणात र नंतर फक्त य आहे, तो टोक वापरत नाही. दक्षिणायनात ष नंतर आधी दक्षिणचा ण येतो. तोही जिभेच्या टोकाचाच, त्यामुळे ष ची डहाळी तिथेच अडते आणि पुढचा न दाताशीच राहतो.