पोटाऐवजी त्वचेतून: पॅच, रिंग आणि रोजची गोळी

गर्भनिरोधक गोळी गिळली की आतड्यातून यकृतात जाते. यकृत त्यातलं बरंचसं औषध तिथेच मोडून टाकतं आणि उरलेलं रक्तात येतं. त्यामुळे रक्तातली पातळी रोज चढते आणि रोज उतरते. उलटी किंवा जुलाब झाले, तर ते औषध शरीराला मिळेलच याची खात्री नसते.

पॅच आणि रिंगमध्येही अशीच दोन संप्रेरकं असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. त्यांचं मुख्य कामही तेच, अंडाशयातून बीज बाहेर पडू न देणं. फरक आहे तो वाटेचा. पॅच दंडावर, पोटावर, पाठीवर किंवा नितंबावर चिकटवतात, स्तनांवर मात्र नाही. त्वचा कोरडी हवी, कारण तेल किंवा क्रीम लावलेलं असेल तर तो सुटतो. रिंग मऊ, लवचिक असते, साधारण साडेपाच सेंटिमीटर रुंद. ती दाबून बाईने स्वतःच योनीत सरकवायची. ती नेमकी कुठे बसली याने फरक पडत नाही.

पॅच दर आठवड्याला बदलायचा, असे तीन आठवडे. नेहमीची रिंग सलग तीन आठवडे आत राहते. मग दोन्हींत एक आठवडा सुट्टी, तेव्हा पाळी येते.

समजा, एखादी बाई दर रविवारी पॅच बदलते. दुसऱ्या रविवारी ती विसरली आणि सोमवारी संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. घाबरायचं कारण नाही. पॅचमध्ये थोडं जास्तीचं औषध असतं, त्यामुळे ४८ तासांच्या आत नवा लावला की पुरतं. पण सुट्टीनंतरचा पहिलाच पॅच उशिरा लागला, तर गोष्ट वेगळी. सात दिवसांत अंडाशय पुन्हा जागं होऊ लागलेलं असतं. तेव्हा पॅच लगेच लावायचा आणि पुढचे ७ दिवस कंडोमही वापरायचा.

एवढी सोय असूनही रोजच्या वापरात तिन्ही पद्धती सारख्याच ठरतात: वर्षभरात १०० पैकी सुमारे ७ जणींना गर्भ राहतो. पॅचमधून मात्र शरीराला मिळणारं एकूण इस्ट्रोजेन नेहमीच्या गोळीपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त असतं. रक्ताची गुठळी पूर्वी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी उठत असेल, किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तर तिन्ही टाळायच्या.

आणि टीबीवरचं रिफाम्पिसिन. पोट टाळलं म्हणजे या औषधाचा अडथळाही टळला, असं वाटू शकतं. पण ते यकृताला संप्रेरकं भराभर मोडायला लावतं, आणि रक्तातून फिरणारं औषध यकृतात जातंच. म्हणून उपचार चालू असताना, आणि तो संपल्यावरही चार आठवडे, गोळी, पॅच किंवा रिंगवर भरवसा ठेवता येत नाही. त्या काळात तांबी चालते, तिच्यावर रिफाम्पिसिनचा परिणाम होत नाही.