लिफ्टचं बिल: तुमच्या फ्लॅटच्या वाट्याला किती आणि का?

नमस्कार मंडळी, मी तुमचा खजिनदार. लिफ्टचे दोर आणि वरची पुली बदलली, त्याचं बिल आलंय 1,84,300. महिन्याच्या मेंटेनन्समधलं सर्व्हिसिंग यात नाही, ते तुम्ही आधीच भरता.

सभेत ठरलं होतं की वाटणी क्षेत्रफळावर करायची. आपल्याकडे 600 चौरस फुटांचे 8 फ्लॅट, 800 चे 6 आणि 1200 चे 2. एकूण 12,000 चौरस फूट. बिलाला 12,000 ने भागलं की दर येतो 15.3583. आता आपलं क्षेत्रफळ गुणिले हा दर. 600 वाल्यांना 9,215, 800 वाल्यांना 12,287 आणि 1200 वाल्यांना 18,430.

तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "मी लिफ्टमध्ये चढतच नाही, मग?" प्रश्न रास्त आहे. पण या हिशोबात मजला कुठेच येत नाही, आणि लिफ्ट कोण किती वापरतं हेही नाही. इमारतीत कोणाची मालकी किती, एवढंच मोजलंय. बंद फ्लॅटलाही म्हणूनच वाटा आहे. सारखी वाटणी केली असती तर प्रत्येकी साधारण 11,519 आले असते. म्हणजे लहान फ्लॅटवाल्यांना महाग पडलं असतं.

खरी भानगड पुढे आहे. 1200 वाल्या एका सभासदांनी करारनामा दाखवला. म्हणाले, "माझा कार्पेट तर 950 आहे." बरोबर आहे त्यांचं. पण कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, आणि माझ्या यादीतले सगळे आकडे बिल्ट-अप, म्हणजे भिंती धरून आहेत. त्यांचा एकट्याचा बदलला तर एकूण क्षेत्रफळ 11,750 होतं, दर 15.685 वर चढतो, त्यांचे जवळपास 3,529 वाचतात आणि ते बाकीचे 15 जण भरतात. 600 वाल्याच्या खिशातून 196 जादा! कार्पेट घ्यायचं तर सोळाही फ्लॅटचं घ्यावं लागेल. सगळ्यांचं त्याच प्रमाणात कमी असेल तर वाटा तोच राहतो, कारण दर तेवढाच वाढतो. एखाद्याच्या फ्लॅटचं प्रमाण वेगळं असेल तरच फरक पडेल. तसं कोणाला वाटत असेल तर करारनामा घेऊन या, आपण सगळ्यांचे ताडून बघू.

आणि घरी हिशोब करताना दर आधीच ढोबळ करू नका. 15 धरला तर 4,300 कमी पडतात, 15.36 धरला तर 20 जास्त येतात. मी पूर्ण दराने गुणून शेवटी पूर्णांक केला, तरी 800 वाल्या सहा जणांकडून मिळून 2 जास्त जमा होतात. ते लिफ्टच्याच खात्यात दाखवलेत, ताळेबंदात दिसतील.