हातात किती येणार आणि किती रात्री बाहेर

(बडोद्याच्या दांडिया बाजारात छोट्या कारखानदारांपुढे झालेलं बोलणं, थोडं नीट करून)

नमस्कार मंडळी. आज मी एकाच पानाबद्दल बोलणारे, तुमच्या वेबसाइटवरचं करिअर पेज. आणि त्यातही एकाच कंपनीचं, म्हणजे नीट बघता येईल. मकरपुरा जीआयडीसीतली 26 माणसांची कंपनी, कंट्रोल पॅनल बनवतात आणि साइटवर जाऊन लावून देतात. नाव घेत नाही, पण मालकांनी आकडे सांगायला हो म्हटलंय. त्यांना सर्व्हिस इंजिनियर हवा होता, पेजवर लिहिलेलं होतं "आकर्षक पगार, प्रगतीची संधी, कुटुंबासारखं वातावरण", अर्ज ढीगभर यायचे आणि येणाऱ्यांतले काही वर्षाच्या आतच जायचे.

मालक म्हणाले, ताई, तुम्ही पगाराचा आकडा टाका म्हणता ना, मग 20 ते 45 हजार टाकून द्या. मी म्हटलं थांबा, आधी आत्ता जे काम करतायत त्यांना काय देताय ते बघू. चार सर्व्हिस इंजिनियर होते. महिन्याचा सीटीसी एकाचा 23 हजार, एकाचा 26, एकाचा 28 आणि सगळ्यात जुन्याचा 41. आता बघा, 20 ते 45 लिहिलं की नवीन पोरगा 45 वाचतो, मालकाच्या डोक्यात 20 असतं, आणि इंटरव्ह्यूला दोघंही नाराज होतात. माझा ढोबळ हिशोब असा की वरचा आकडा खालच्याच्या दीडपटीच्या पुढे गेला तर ती एक नोकरी नाही, दोन नोकऱ्या आहेत. इथे तसंच निघालं. 41 हजारवाला एकटा साइटवर जाऊन पॅनल चालू करून देतो, कस्टमरची सही घेऊन येतो, बाकीचे तिघं अजून कुणाच्या तरी हाताखाली जातात. म्हणून दोन पायऱ्या केल्या, पहिली 24 ते 32 हजार, दुसरी 34 ते 44. आणि खाली साध्या भाषेत लिहिलं की दुसऱ्या पायरीवर जायचं म्हणजे काय, तर सोबत कुणी नसताना ड्रॉइंग वाचून फॉल्ट शोधता आला पाहिजे आणि पॅनल चालू करून देता आलं पाहिजे.

पण खरी गोची पुढे होती. 26 हजारवाला तीन वर्षं जुना आणि 28 हजारवाला सहा महिन्यांपूर्वी आलेला, कारण तो येताना बाजारभाव वाढलेला होता. हे जवळपास प्रत्येक छोट्या कंपनीत असतं, आणि पगार पेजवर टाकायला मालक का कचरतात त्याचं खरं कारण मला तरी हेच दिसतं, कॉम्पिटिटर बघेल वगैरे नंतरचं. पेज सगळ्यात आधी तुमचीच माणसं वाचणार आहेत. तो तीन वर्षांचा पोरगा वाचणार की बाहेरच्याला 32 पर्यंत देतायत आणि मी 26 वर. म्हणून पेज आठवडाभर थांबवलं. 26 वाल्याचे 30 केले, 23 वाल्याचे 25, म्हणजे महिन्याला सहा हजार, वर्षाला 72 हजार. मालकांनी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं. पण एक माणूस सोडून गेला की नव्याला तयार व्हायला सहा महिने जातात आणि तेवढे दिवस सीनियर माणूस त्याच्या मागे अडकतो, हे त्यांनीच मला आधी सांगितलेलं होतं. ज्यांना हे आधी करायचं नाही त्यांनी रेंज टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, भांडण ओढवून घ्याल.

आता सीटीसी आणि हातात येणारे पैसे. हे सगळ्यांनी लिहावं अशी माझी फार इच्छा आहे, कारण पहिल्या नोकरीत माझंच असं झालं होतं, सांगितलेला आकडा आणि पहिली सॅलरी स्लिप यात एवढा फरक निघाला की घरी काय सांगायचं तेच कळेना. 30 हजारांचं उदाहरण घेऊ. बेसिक 15 हजार धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1,800, तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के म्हणजे साधारण 721, तीही सीटीसीत, आणि ती तर साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. उरले 27,479. त्यातून माणसाचा स्वतःचा पीएफ 1,800 आणि गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात येतात 25,479. पेजवर आम्ही एवढंच लिहिलं, "30 हजारांच्या पगारात दर महिन्याला बँकेत साधारण 25,500 जमा होतात, पीएफ आणि पेन्शनचे मिळून 3,600 तुमच्या नावावर वेगळे जमा होतात". बाहेरगावचा भत्ता यात मिसळला नाही, तो वेगळा दाखवला. बरेच जण भत्ता मिसळून आकडा फुगवतात, मग ज्या महिन्यात साइट नसते त्या महिन्यात माणूस अकाउंट्समध्ये येऊन उभा राहतो.

कामाचं खरं चित्र कुठून मिळवायचं? मालकांना विचारलं महिन्यात किती रात्री बाहेर काढाव्या लागतात, म्हणाले चार-पाच. मग मी अकाउंट्समधून वर्षभराची टीए-डीएची व्हाउचर काढायला सांगितली, लॉजची बिलं लावलेली असतात ना, ती मोजली. सरासरी नऊ रात्री निघाल्या, आणि कस्टमरचं शटडाउन असतं त्या महिन्यात 14. मालक खोटं बोलत नव्हते हो, त्यांना खरंच तसं वाटत होतं. म्हणून म्हणते, आठवणीवर लिहू नका, व्हाउचर, गेट रजिस्टर, हजेरी, यावरून लिहा. पेजवर नऊ आणि 14 दोन्ही टाकले, साइट बहुतेक दहेज, अंकलेश्वर, हालोल असतात तेही टाकलं, आणि शटडाउनमध्ये रविवार गेला तर त्याची बदली सुट्टी कधी मिळते तेही.

प्रगतीचं तसंच. "संधी भरपूर" याला काही अर्थ नाही, मागे काय झालं ते मोजा. आठ वर्षांत या कामावर 11 जण लागले होते. चार अजून सर्व्हिसमध्येच, एक डिझाइनला गेला, एक सेल्सला, आणि पाच सोडून गेले, त्यातले तिघं पहिल्याच वर्षी, प्रवास झेपला नाही म्हणून. मालक म्हणाले, सोडून गेलेले कशाला लिहायचे? मी म्हटलं ते तिघं हे वाचून आले असते तर आलेच नसते, तुमचे महिने वाचले असते. शेवटी लिहिलं. सर्व्हिस मॅनेजरची जागा नाहीये, 26 माणसांत ती लगेच होणारही नाही, तेही लिहिलं, दुसऱ्या पायरीनंतर पगार वाढतो पण पद वाढत नाही असं सरळ.

अर्ज कमी झाले, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. पण फोनवरचे प्रश्न बदलले. आधी पोरं विचारायची "पगार किती", आता विचारतात शटडाउन कुठल्या महिन्यात असतं, ड्रॉइंग वाचायला कोण शिकवतं. असे प्रश्न यायला लागले की समजा पेज वाचलं जातंय. एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट झालं की त्याच आठवड्यात आकडे बदला, जुनी रेंज राहिली तर परत तोच 26-28 चा घोळ होतो.

आणि छापायच्या आधी त्या कामावरच्या माणसाला वाचायला द्या. आम्ही 41 हजारवाल्याला दिलं. त्याने मन लावून वाचलं, दोन ठिकाणी वेळ दुरुस्त केली, आणि खाली पेनाने एक ओळ लिहिली, ती आम्ही तशीच ठेवली: "बऱ्याच प्लांटमध्ये मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, दिवसभर फोन लागणार नाही, घरी आधी सांगून ठेवा."