ओट्याचा कोपरा कोणाच्या हिशोबात?

(दर्यापूर येथे सुतारकाम आणि इंटिरियरची कामं घेणाऱ्या मंडळींपुढे झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, कोटेशनची पीडीएफ चकचकीत कशी करायची, लोगो कुठं टाकायचा, हे मी आज सांगणार नाही. ते तुमची पोरं माझ्यापेक्षा चांगलं करतात. मी फक्त दोन ओळींवर बोलणार आहे, किचन आणि वॉर्डरोब. घरमालकाशी वाजतं ते बहुतेक याच दोन ओळींवरून. आणि वाजतं ते दरावरून कमी, मापावरून जास्त.

इथल्याच जवळच्या गावातलं एक घर घ्या. नवीन बांधकाम, गवंड्यानं एल आकाराचा ओटा आधीच बांधून ठेवलेला. एक भिंत १० फूट, दुसरी ८ फूट, ओट्याची खोली २ फूट. ओट्याखाली प्लायचे बॉक्स आणि शटर करायचे. दर समजा २,५०० रुपये रनिंग फूट. आता सांगा, किती रनिंग फूट झाले?

(सभागृहातून: अठरा.) अठरा म्हणणारे बरेच दिसतात. दोन्ही भिंतींना टेप लावला, १० आणि ८ मिळून १८. बिल ४५,००० रुपये. पण कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन तुम्ही दोनदा मोजला ना. पहिल्या भिंतीत धरला आणि दुसऱ्या भिंतीतही. तो एकदाच धरला तर १० अधिक ६, म्हणजे १६, आणि बिल ४०,०००. मधोमध रेघ ओढून मोजलं तरी ९ अधिक ७, तेच १६ येतात. आणि घरची बाई जिथं उभी राहते, त्या समोरच्या कडेनं टेप लावला तर ८ अधिक ६, म्हणजे १४ फूट, ३५,००० रुपये. ओटा एकच, मापं तीन. पाचपाच हजारांचा फरक.

यातलं खरं कोणतं? मला विचाराल तर तिन्ही चालतात, पण दर त्या मापाला धरून ठरवलेला पाहिजे. कोपऱ्याच्या बॉक्सला प्लाय लागतोच, मजुरीही लागते. तिथं हात घालायला जागा कमी, म्हणून काम उलट किचकट. तेव्हा कोपरा दोनदा धरणारा माणूस लबाडच असतो असं मी म्हणणार नाही. पण पीडीएफमध्ये नुसतं “किचन, १८ रनिंग फूट” लिहिलं, की मालकाचा मेहुणा टेप घेऊन येतो. येतोच. आणि विचारतो, “हा कोपरा दोनदा काहून मोजला जी?” तेव्हा तुम्ही काहीही सांगा, ते सारवासारव वाटतं. म्हणून ओळ अशी लिहा: “ओट्याखालील बॉक्स व शटर. १० फूट अधिक ६ फूट, कोपरा एकदाच धरला आहे. ट्रॉल्या वेगळ्या.” एवढं लिहायला एक मिनिट लागतं. ट्रॉल्यांचं वेगळं कलम करा, नग लिहून. बाहेरच्या कोटेशनात त्या धरलेल्या आहेत की नाहीत, हे मालकाला कधीच कळत नाही. मग तो तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवतो आणि तुम्ही महाग ठरता.

आता वॉर्डरोब. इथं घोळ माझ्याच हातून झाला होता, तोच सांगतो.

वॉर्डरोब दर्शनी मोजतात, म्हणजे समोरून दिसणारी रुंदी गुणिले उंची. आतली २ फूट खोली, कप्पे, मागचा ६ मिमी प्लाय, सगळं त्या दरात आलं. हेही एका ओळीत लिहून टाका, कारण मालक विचारतोच की आतल्या फळ्यांचे वेगळे पैसे का. माझ्या त्या कामात रुंदी होती ७ फूट १० इंच, उंची वरच्या माळ्यासकट ९ फूट, दर १,३०० रुपये. वहीत मी नीट लिहिलं होतं. एक्सेलमध्ये बसून टाइप केलं ७.१०. एक्सेलला ते फूट-इंच कुठून कळणार? शेवटचं शून्य त्यानं खाल्लं, राहिलं ७.१. गुणिले ९, झाले ६३.९ स्क्वेअर फूट. पीडीएफ काढली, पाठवली, पसंतही पडली. मालकाला वाटलं, बाकीच्यांपेक्षा स्वस्त देतो आहे. खरं माप ७ अधिक १० भागिले १२, म्हणजे ७.८३, गुणिले ९, बरोबर ७०.५ स्क्वेअर फूट. साडेसहाच्या वर स्क्वेअर फूट मी फुकट करायला बसलो होतो. हिशोब केला तर ८,५८० रुपये.

उलटंही होतं. ७ फूट ६ इंच कोणी ७.६ लिहितो, ते असतं ७.५. तिथं मालकाचा तोटा. म्हणून इंच टाइपच करायचे नाहीत, एक्सेललाच करू द्यायचे. रुंदीच्या खान्यात हे लिहा:

```
=7+10/12
```

आणि पीडीएफमध्ये रुंदी, उंची, स्क्वेअर फूट, तिन्ही वेगवेगळ्या रकान्यांत दिसू द्या. मालकानं मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून पाहिला पाहिजे. तो करतोच, कापसाच्या पट्टीतली कपात ज्यानं आयुष्यभर तपासली त्याला तुमचा गुणाकार काय जड आहे? किचनचे ४०,००० आणि या वॉर्डरोबचे ९१,६५० एकाच कोटेशनात धरले, तर बेरीज १,३१,६५० होते. जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के, २३,६९७, वेगळ्या ओळीत. नोंदणी नसेल तर जीएसटीची ओळच टाकायची नाही, तो कर गोळा करायचा हक्कच आपल्याला नाही.

पीडीएफ काढताना एकच त्रास होतो. सगळ्यात उजवीकडचा रकमेचा रकाना दुसऱ्या पानावर उडी मारतो. मालकाला दिसतात माप आणि दर, पण रक्कम नाही. प्रिंटमध्ये Fit All Columns on One Page हा पर्याय निवडा, मग पीडीएफ काढा. एक्सेलची फाइल तशीच व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्यांच्या मोबाइलवर ती कशी उघडेल याचा नेम नाही, आणि आकडे कोणी बदलले तर सिद्ध करता येत नाही.

आता प्लायबद्दल. “चांगल्या प्रतीचा प्लाय” हे शब्द कोटेशनमधून काढून टाका. किचनला आयएस ७१०, म्हणजे मरीन, १९ मिमी, असं लिहा आणि माल साईटवर उतरला की फळीवरचा शिक्का मालकाला दाखवा. आपला हा भाग खारपाणपट्ट्यातला. भिंतींना लोणा धरतो, खालून ओल चढते. त्यात उन्हाळ्यात खिडकीत कूलर, आणि त्याला लागूनच वॉर्डरोब. साधा एमआर प्लाय असला तर दोन पावसाळ्यांत शटर फुगून अडकायला लागतं आणि पाठीला उधई लागते. माझ्या कोटेशनमध्ये आता एक ओळ असते: “भिंतीत ओल असल्यास ती आधी गवंड्याकडून दुरुस्त करून द्यावी, त्याचा खर्च यात धरलेला नाही.” त्याखाली दुसरी: “मापं प्लास्टर व टाइल्स झाल्यावर पुन्हा घेतली जातील, बिल त्या मापावर होईल.” काळ्या मातीत घर थोडं हलतंच, भिंती ओळंब्यात सापडत नाहीत. प्लास्टरआधी मोजलेले ७ फूट १० इंच नंतर ७ फूट ९ निघतात.

त्या ८,५८० रुपयांचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. काम सुरू व्हायच्या आधी, मापं पुन्हा घेताना चूक लक्षात आली. मी मालकाकडे गेलो, वही आणि पीडीएफ शेजारी ठेवली आणि टेप त्यांच्याच हातात दिला. त्यांनी मोजलं, मोबाइलवर गुणलं, पुन्हा मोजलं. म्हणाले, “भाऊ, माप तुमचं बरोबर आहे. पण कागदावर तुमचीच सही आहे ना?” शेवटी अर्धे त्यांनी दिले, अर्धे माझे गेले.