हजारी दर, नवं यंत्र आणि महिन्याचे दोन हजार

नमस्कार श्रोतेहो. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांना मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. हात चालला तर पैसा. दर कोण ठरवतो, हा तिथला जुना झगडा. आज तोच प्रश्न संगणकापुढं बसणाऱ्या आपल्या मुलामुलींसमोर आला आहे.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्यॉल्फसन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये एक अभ्यास मांडला. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कामगारांना उत्तरं सुचवणारी एआय प्रणाली मिळाली होती. तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी 14 टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांचं काम 34 टक्क्यांनी वाढलं, मुरलेल्यांचं जवळपास तेवढंच राहिलं. कारण ती प्रणाली मुरलेल्यांच्याच चांगल्या संभाषणांवरून शिकली होती.

आता बेळगावात असं काम नगावर चालतं असं धरू. तक्रारीमागे 40 रुपये. नवखी मुलगी दिवसाला 10 सोडवते, तिला 400 मिळतात. जुना माणूस 15 सोडवतो, त्याला 600. प्रणाली आली, मुलगी 13 वर गेली. मग मालक म्हणतो, काम सोपं झालं, दर 32. मुलीच्या हाती 416 येतात, म्हणजे तीन तक्रारी जास्त सोडवून 16 रुपये. जुन्याला 480. त्याचं रोजचं नुकसान 120, महिन्याच्या 26 दिवसांत 3,120. ज्याच्या अनुभवावर यंत्र शिकलं, त्याचंच पोट कापलं गेलं. हे मला अन्यायाचं वाटतं.

किमान वेतनाचा कायदा इथं कुठवर पुरतो? 1948 च्या कायद्यातच नगावर काम करणाऱ्यालाही वेळेच्या हिशेबानं किमान मजुरीची हमी देण्याची सोय होती. त्यानं तळ राखला जातो. पण तळाच्या वर असलेल्या जुन्या माणसाची घसरण त्यानं थांबत नाही.

मग सर्वांना मूलभूत उत्पन्न द्या, म्हणजे सरकारनं प्रत्येकाला विनाअट दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, असं कुणी म्हणेल. आपल्याकडं कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2,000 रुपये कुटुंबप्रमुख बाईला मिळतात. सीमेपलीकडं चंदगडमध्ये लाडक्या बहिणीचे 1,500. दोन्ही योजनांना पात्रतेच्या अटी आहेत, म्हणून ते सर्वांचं उत्पन्न नव्हे. आणि आपल्या जुन्या कामगाराच्या घरी गृहलक्ष्मी येत असली तरी 3,120 चा खड्डा 2,000 नं भरत नाही. उलट सरकारच्या पैशानं मालकाची दरकपात झाकली जाते.

तरी हा पैसा मला हवा आहे. घरात चूल पेटण्याइतकी रक्कम येत असेल, तर पडेल त्या दराला हो म्हणण्याची घाई उरत नाही. फक्त त्याला मजुरीच्या बदल्यात मोजू नका. संघटनांनी करारात दोन कलमं मागावीत. नवी प्रणाली आल्यावर ठरलेल्या मुदतीत नगाचा दर कमी करायचा नाही. आणि ज्यांच्या संभाषणांवरून ती शिकली, त्यांना वाढीव कामातला वाटा द्यायचा. तो वाटा मोजायचा तर प्रणाली येण्याआधीचे कामाचे आकडे हाताशी हवेत. ते आत्ताच नोंदवून ठेवा.